आधी सांगा, रोज किती किलोमीटर?

दसरा जवळ आला की घराघरांत एक प्रश्न निघतो : "गाडी घ्यायची म्हणतोय, कोणती घेऊ?" प्रश्न एवढाच असतो. किती पैसे घालायचे, कोणतं इंधन परवडेल, रोजचं फिरणं किती, घरात माणसं किती, यातलं काहीच त्यात नसतं. तरी उत्तरं लगेच येतात. मेहुणा म्हणतो, डिझेल घे, दणकट असते. ऑफिसमधला सहकारी म्हणतो, सीएनजीशिवाय परवडत नाही. शेजारचे काका म्हणतात, आता घेणार असशील तर इलेक्ट्रिकच घे. तिघंही मनापासून सांगत असतात, कारण तिघांच्या रस्त्यांवर त्यांच्या गाड्या खरोखरच छान चालल्या आहेत. पण विचारणाऱ्याचा रस्ता कोणता, हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नसतं.

प्रश्नातून गळालेल्या या चार गोष्टींपैकी बजेटची चौकशी शोरूममध्ये पहिल्याच मिनिटाला होते. माणसं किती, हेही कोणी ना कोणी विचारतंच. रोजच्या अंतराबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. प्रत्यक्षात इंधनाची निवड त्यावरच ठरते, आणि ती केवळ पैशांपुरती नसते. इंजिनाच्या तब्येतीचाही त्यात मोठा भाग आहे.

दोन घरं, दोन रस्ते

समजा, पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या एक शिक्षिका आहेत. शाळा चार किलोमीटरवर. येणं-जाणं आणि बाजारहाट धरून त्यांची गाडी दिवसाला १२ किलोमीटर चालते. दुसरे गृहस्थ नाशिकचे. सिन्नरच्या कारखान्यात नोकरी, जाऊन-येऊन रोज ६० किलोमीटर. दोघांचेही वर्षाचे ३०० दिवस धरले, तर शिक्षिकांची गाडी वर्षाला ३,६०० किलोमीटर चालेल आणि नाशिककरांची १८,०००. दोघांनाही एकाच मॉडेलची छोटी गाडी आवडली आहे. ती पेट्रोलवर मिळते आणि सीएनजीवरही.

हिशेब सोपा ठेवण्यासाठी काही आकडे धरून चालू. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि रस्त्यावरचं मायलेज लिटरला १५ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. सीएनजी ८० रुपये किलो आणि मायलेज किलोला २० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ४ रुपये. प्रत्येक किलोमीटरला ३ रुपये वाचले. सीएनजीची गाडी ९० हजारांनी महाग धरली, तर ते जादा पैसे ३० हजार किलोमीटरनंतर वसूल होतात. नाशिककरांचे ३० हजार किलोमीटर २० महिन्यांत भरतील. शिक्षिकांना त्यासाठी आठ वर्षांहून जास्त काळ लागेल. गाडी तीच, किंमत तीच. पण एकाला ती दुसऱ्या वर्षीच पैसे वाचवू लागते, तर दुसरीच्या बाबतीत वाचवायला लागेपर्यंत गाडी विकायची वेळ येते.

इथे १५ किलोमीटरचं मायलेज धरलं, तेव्हा माहितीपत्रकातला आकडा याहून बराच मोठा असतो, हे अनेकांच्या लक्षात येईल. तो आकडा खोटा नसतो, तो वेगळ्या परिस्थितीतला असतो. भारतात ही चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या प्रयोगशाळांमध्ये होते. गाडीची चाकं फिरत्या रुळांवर ठेवून ठरवून दिलेल्या वेगांच्या क्रमाने ती जवळपास २० मिनिटं चालवतात. साधारण साडेदहा किलोमीटरचा हा प्रवास असतो, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. सगळ्या गाड्यांना एकच मोजपट्टी लागते, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम आहे. महिन्याचा खर्च काढायचा असेल, तर तशाच गाडीच्या मालकाला विचारावं : टाकी फुल करून किती किलोमीटर चाललात आणि पुन्हा फुल करायला किती लिटर लागलं?

डिझेल आणि चार किलोमीटरची शाळा

आता मेहुण्याचं डिझेल. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानकं लागू झाली. त्यांच्यामुळे डिझेल मोटारींच्या धुराच्या नळीत एक गाळणी आली, तिला डीपीएफ म्हणतात. चिनीमातीसारख्या पदार्थाच्या या जाळीदार ठोकळ्यात धुरातली काजळी अडकते. हवेसाठी हे फार चांगलं झालं. पण अडकलेल्या काजळीचं पुढे काहीतरी करावंच लागतं. गाडी ती जागच्या जागी जाळून टाकते, आणि त्यासाठी गाळणीचं तापमान साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढावं लागतं.

नाशिक-सिन्नर रस्त्यावर ते सहज जमतं. अर्धा तास बऱ्यापैकी एकसारख्या वेगाने गाडी चालली की धूर तापलेला राहतो आणि काजळी जळत जाते. चालकाला पत्ताही लागत नाही. कोथरूडहून चार किलोमीटरवर जाताना, सिग्नलला थांबत थांबत, गाळणी तापायच्या आतच शाळा येते. चावी बंद, काजळी तिथेच. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गाळणी भरत आली की गाडीचा संगणक स्वतः उपाय सुरू करतो. पुष्कळ गाड्यांमध्ये तो सिलिंडरमध्ये थोडं जादा डिझेल सोडतो, म्हणजे ते पुढे धुराच्या वाटेत जळून गाळणी तापेल. पण हे काम मध्येच तुटलं आणि असं वारंवार घडत राहिलं, तर त्यातलं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून, पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरतं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतं.

हे घरच्या घरी पाहता येतं. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन थंड होऊ द्यावं. डिपस्टिक काढून फडक्याने पुसावी, पुन्हा आत घालून बाहेर काढावी. चालत्या गाडीचं ऑइल काळानुसार थोडं कमी व्हायला हवं. ते वाढून वरच्या खुणेच्या पलीकडे गेलं असेल आणि टोकाच्या थेंबाला डिझेलचा वास येत असेल, तर ऑइल पातळ झालं आहे. असं ऑइल बेअरिंगचं नीट रक्षण करत नाही, ते बदलावंच लागतं. डॅशबोर्डवर गाळणीचा पिवळा दिवा लागला तर महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं सलग गाडी चालवून तो बहुतेक वेळा विझतो. तिकडे दुर्लक्ष केलं, तर इंजिनाची ताकद कमी होते आणि काम वर्कशॉपपर्यंत जातं. गाळणी बदलायची पाळी आली, तर तो मोठा खर्च असतो.

या बदलाचा परिणाम बाजारावरही झाला. देशातली सर्वांत मोठी मोटार कंपनी असलेल्या मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या विकणं थांबवलं. छोट्या डिझेल इंजिनाला नव्या मानकांत बसवण्याचा खर्च त्या किमतीच्या गाडीला पेलवणारा नव्हता. मोठ्या गाड्यांमध्ये डिझेल टिकून आहे, आणि ज्यांची गाडी रोज लांब अंतर कापते त्यांच्यासाठी ते आजही योग्य आहे.

गार इंजिन आणि बॅटरी

शिक्षिकांनी साधं पेट्रोल घेतलं, तरी पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिन गारच असतं. त्या वेळी पेट्रोल जास्त लागतं, आणि जळताना तयार होणारी वाफ ऑइलमध्ये पाणी होऊन उतरते. इंजिन पुरतं तापलं की ती उडून जाते. म्हणून कमी फिरणाऱ्या पेट्रोल गाडीला आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची फेरी द्यावी आणि ऑइल किलोमीटर मोजून न बदलता कंपनीने सांगितलेल्या महिन्यांप्रमाणे बदलावं.

इलेक्ट्रिक गाडीला ही अडचणच नाही. चार किलोमीटर असो की चाळीस, तिला तापण्याची गरज नाही. तब्येतीच्या दृष्टीने पाहिलं तर शिक्षिकांच्या रस्त्याला हीच सर्वांत योग्य गाडी. पैशांचा हिशेब मात्र उलटा येतो. घरच्या विजेवर किलोमीटरला सुमारे १ रुपया ७० पैसे खर्च धरला, तर पेट्रोलच्या तुलनेत ५ रुपये ३० पैसे वाचतात. गाडी साडेतीन लाखांनी महाग असेल, तर वसुलीला ६६ हजार किलोमीटर लागतील. शिक्षिकांना १८ वर्षं, नाशिककरांना पावणेचार. बॅटरीची हमी अनेक कंपन्या आठ वर्षांची देतात, तेव्हा १८ वर्षांचा आकडा त्याच्या फार पलीकडचा आहे. नाशिककरांनी मात्र घरच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय होणार असेल, तरच इलेक्ट्रिकचा विचार करावा. सार्वजनिक चार्जरवर युनिटचा दर जास्त असतो आणि मग हा सगळा हिशेब बदलतो.

डिकीत काय मावणार?

घरातल्या माणसांचा प्रश्न इथे येतो. सीएनजीची नेहमीची टाकी पाण्याच्या मापाने ६० लिटरची असते आणि जवळपास सगळी डिकी व्यापते. टाटा मोटर्सने २०२३ मध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या बसवल्या, त्यामुळे वर थोडी जागा मोकळी झाली. नाशिककरांच्या घरी पाच माणसं असतील आणि दर महिन्याला सामानासह गावी जायचं असेल, तर टाकी कशी बसवली आहे हे डिकी उघडून स्वतः पाहिलं पाहिजे. शिवाय सीएनजीवर तेच इंजिन साधारण दहा ते पंधरा टक्के कमी ताकद देतं, कारण वायुरूप इंधन सिलिंडरमधल्या हवेची काही जागा घेतं. एकट्याने ऑफिसला जाताना हे जाणवत नाही. पाच माणसं आणि बॅगा घेऊन कसारा घाट चढताना जाणवतं. म्हणून अशी गाडी चालवून पाहताना सगळ्यांना बरोबर घ्यावं आणि चढ असलेला रस्ता निवडावा.

इथे आणखी एक चूक होते. गणपतीत वर्षातून एकदा सगळं कुटुंब कोकणात जातं, म्हणून सात आसनी गाडी घेतली जाते, आणि उरलेले साडेतीनशे दिवस ती एका माणसाला घेऊन सिग्नलला उभी असते. वर्षातल्या चार दिवसांसाठी मोठी गाडी भाड्याने मिळते. तिचं भाडं आणि मोठ्या गाडीचा वर्षभराचा जादा हप्ता शेजारी शेजारी लिहून बघावा.

या हिशेबात शिक्षिकांसाठी छोटी पेट्रोल गाडी ठरते. नाशिककरांसाठी सीएनजी, आणि घरी चार्जिंगची सोय असून गाडी सहा-सात वर्षं ठेवायची असेल तर इलेक्ट्रिक. पेट्रोल, सीएनजीचे दर किंवा गाड्यांच्या किमती बदलल्या की वसुलीचे आकडेही बदलतील, पण भागाकार तोच राहील : जादा किंमत भागिले किलोमीटरमागची बचत. गाडी बघायला जाण्यापूर्वी दोन आठवडे घरातल्या स्कूटरचं किंवा जुन्या गाडीचं मीटर रोज रात्री वहीत लिहा. रिक्षाचे आणि टॅक्सीचे किलोमीटरही त्यात धरा. त्याखाली बजेट, माणसं आणि पार्किंगमध्ये विजेचा पॉइंट आहे की नाही, हे लिहा. मग त्या पानासह विचारा, कोणती गाडी घेऊ?