कुटुंबातील वारंवार होणारी गळवे

एकाच घरातील एका किंवा अनेक व्यक्तींना सहा महिने ते वर्षभराच्या अवधीत पुन्हा पुन्हा गळवे किंवा केसतुडे होणे, यास वारंवार होणारी गळवे असे म्हणतात. बहुतेक प्रकरणांत त्यांचे कारण स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू असतो. हा जीवाणू सुमारे एक तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकपुडीत कोणताही त्रास न देता राहतो. घसा, काख व जांघ येथेही त्याचे वास्तव्य असते. नाकाला लागलेले बोट त्वचेवरील ओरखड्यास लागले की गळू होते. सामाईक पंचा, पांघरूण व वस्तरा यांतून तो घरातील इतरांकडे जातो. त्यामुळे एकाचे गळू बरे होते आणि काही आठवड्यांनी दुसऱ्याला होते.

स्वरूप

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवरील डिंभे धरणाच्या परिसरातील एका पाच जणांच्या कुटुंबाचे काल्पनिक उदाहरण घेता येईल. मुलाच्या मांडीवर गळू झाले, ते फोडून पू काढला. दीड महिन्याने आईच्या काखेत आणि पुढे आजोबांच्या पाठीवर गळू झाले. प्रत्येक वेळी प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी ते बरे झाले. मात्र पाचही जण दोनच पंचे वापरत होते आणि जीवाणूचा साठा घरातच होता. अशा वेळी प्रत्येक गळवावर स्वतंत्र उपचार करत राहण्यापेक्षा संपूर्ण घराचे निर्वसाहतीकरण, म्हणजे शरीरावरील जीवाणूचे वास्तव्य हटवणे, अधिक उपयुक्त ठरते.

अमेरिकेतील सेंट लुईस येथे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही मुलांवर एकट्यांवर, तर काहींच्या संपूर्ण कुटुंबावर हा उपचार करण्यात आला. वर्षभरात पहिल्या गटातील ७२ टक्के, तर दुसऱ्या गटातील ५२ टक्के मुलांना पुन्हा त्वचेचा संसर्ग झाला. म्हणजेच हा उपचार उपयोगी आहे, परंतु हमखास नाही.

उपचारपद्धती

उपचार घरातील सर्वांनी एकाच पाच दिवसांत करावयाचा असतो. चालू गळवातील पू काढून ते भरून आल्यावर त्यास आरंभ करतात, कारण वाहते गळू असताना त्वचा पुन्हा लगेच दूषित होते.

म्युपिरोसिनचे २ टक्के मलम काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढे घेऊन प्रत्येक नाकपुडीच्या पुढील भागात आतून दिवसातून दोनदा लावतात आणि नाक हलकेच दाबून ते पसरवतात. काही देशांत ते तीनदा लावण्याची पद्धत आहे. नाकासाठीचे मलम पॅराफिनवर आधारलेले असते. त्वचेसाठीच्या काही मलमांचा आधार नाकाच्या अस्तराला झोंबू शकतो.

त्याच पाच दिवसांत रोज ४ टक्के क्लोरहेक्सिडीन द्रावणाने स्नान करतात. ओल्या अंगावर ते मानेपासून खाली, विशेषतः काख व जांघेत चोळून सुमारे मिनिटभर ठेवतात व नंतर धुऊन टाकतात. साध्या साबणाने क्लोरहेक्सिडीनचा प्रभाव कमी होतो, म्हणून ते साबणाऐवजी वापरतात. डोळ्यांत किंवा कानांत गेल्यास इजा होऊ शकते. लहान बाळांवर ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय वापरू नये.

या काळात प्रत्येकाचा पंचा वेगळा ठेवतात. पंचे, अंतर्वस्त्रे व चादरी रोज गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवतात. हे न केल्यास अंगावरून गेलेला जीवाणू कापडावरून परत येतो.

नमुना तपासणी केव्हा करावी

सर्वांत उपयुक्त नमुना गळवातील पुवाचा असतो. गळू फोडताना, शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, आतून घेतलेला पू प्रयोगशाळेत पाठवल्यास जीवाणू कोणता व कोणत्या औषधास तो दाद देत नाही हे कळते. गळवे पुनःपुन्हा होत असतील, औषधाने उतार पडत नसेल किंवा ताप असेल, तर ही तपासणी अवश्य करावी.

घरातील प्रत्येकाच्या नाकाचा नमुना तपासणे मात्र बहुधा निष्फळ असते. नाकात जीवाणू नसला तरी घशात किंवा जांघेत असू शकतो आणि निकाल काहीही आला तरी सर्वांनी एकत्रच उपचार घ्यावयाचा असतो. उपचारानंतर गळवे थांबली असल्यास पुन्हा नमुना घेण्याची आवश्यकता नसते. विधिवत उपचार करूनही गळवे परतल्यास नमुना घेऊन जीवाणूमध्ये म्युपिरोसिनविरोध आला आहे का, हे पाहणे योग्य ठरते. याच कारणास्तव हे मलम नाकात महिनोन्महिने लावत राहणे अयोग्य आहे.

मर्यादा

काख व जांघेतच वर्षानुवर्षे गाठी येऊन व्रण व नळ्या राहत असतील आणि पुवाच्या तपासणीत स्टॅफिलोकॉकस आढळत नसेल, तर घामग्रंथींच्या भागातील दीर्घकालीन दाहाचा, म्हणजेच हायड्राडेनायटिसचा विचार करतात. त्यावर निर्वसाहतीकरणाचा उपयोग होत नाही. प्रौढ रुग्णाच्या रक्तातील साखर तपासणे आवश्यक असते, कारण अनियंत्रित मधुमेहात गळवे वारंवार होतात. चेहऱ्यावर, विशेषतः नाक व वरच्या ओठाभोवती गळू असल्यास, थंडी वाजून ताप आल्यास किंवा लाली झपाट्याने पसरल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. असे गळू घरी पिळू नये.