आयव्हीएफची रजा आणि मॅनेजरचं ‘नेमकं काय झालंय?’

आयव्हीएफ सुरू करणाऱ्या नोकरदार बाईला मैत्रीण, नणंद, शेजारच्या काकू असा जो भेटेल तो एकच सल्ला देतो: ऑफिसात सगळं सांगून टाक, नाहीतर एवढ्या सुट्ट्या कोण देणार? हा सल्ला ऐकून ऐकून वैताग यावा इतका पसरला आहे, आणि तो चुकीचा आहे. रजा मंजूर करणाऱ्याला दोन गोष्टी कळायला हव्यात: माणूस कधी नसणार आणि तेव्हा काम कोण बघणार. बीजांडं किती आणि नवऱ्याचा रिपोर्ट कसा, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

गैरसमज टिकून आहे तो तारखांमुळे. सगळं वेळापत्रक पाळीवर ठरतं, त्यामुळे महिनाभर आधी तारीख देता येत नाही. मॅनेजर भुवया उंचावतो आणि बाई घाबरून सगळी कहाणी सांगून बसते. खरं तर ही अनिश्चितता फार मोठी नसते. समजा, पाळी 6 तारखेला, शुक्रवारी आली. शनिवारी दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं सुरू होतात. ती साधारण 8 ते 12 दिवस चालतात आणि बऱ्याच जणी ती घरीच घेतात. मधल्या सोनोग्राफी बुधवारी 11ला, शुक्रवारी 13ला आणि सोमवारी 16ला सकाळी होतात. बीजांडं तयार दिसली की सोमवारी रात्री 10 वाजता ट्रिगरचं इंजेक्शन, आणि सुमारे 36 तासांनी, बुधवारी 18ला सकाळी 10 वाजता, भूल देऊन ‘एग पिकअप’. गर्भ त्याच महिन्यात सोडायचा असेल तर पाचव्या दिवशी, सोमवारी 23ला.

हिशेब केला तर तीन सकाळी उशीर, पिकअपचा एक पूर्ण दिवस, त्याच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती आणि ट्रान्सफरचा एक दिवस. एखादी सोनोग्राफी पुढे-मागे होते, पण पिकअपची वेळ दीड दिवस आधी पक्की कळते. एवढ्यावर अर्ज असा लिहिता येतो: ‘पुढचे अडीच आठवडे माझे नियोजित वैद्यकीय उपचार आहेत. तीन-चार दिवस मी 11 वाजेपर्यंत येईन, ते आदल्या दिवशी कळवेन. तीन दिवस पूर्ण रजा लागेल. त्यातल्या पहिल्या दिवसाची तारीख दीड दिवस आधी कळेल. त्या काळात काम कोणाकडे असेल ते सोबत लिहिलं आहे.’ यावर ‘काय झालंय, सीरियस आहे का?’ असं विचारलं गेलंच, तर ‘गंभीर नाही सर, ठरलेले उपचार आहेत, सध्या एवढंच सांगते’ हे उत्तर पुरतं.

‘आयव्हीएफसाठी कायद्यानेच रजा मिळते,’ असंही काहीजण ठामपणे सांगतात. मातृत्व लाभाच्या कायद्यात तशी तरतूद नाही. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची रजा आहे, पण तिच्यासाठी पुरावा द्यावा लागतो आणि तिथे मौन चालत नाही. उपचारांसाठी नेहमीचीच रजा वापरावी लागते. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, तो पूर्णपणे लागू असलेल्या आस्थापनांत वर्षाला 8 सीएल मिळतात, पण त्या तिमाहीनुसार जमा होतात. म्हणजे वर्षाच्या पहिल्या तिमाहीत दोनच, आणि तेव्हा वरच्या उदाहरणातला तिसरा दिवस अर्जित रजेतून घ्यावा लागेल.

गुपित खरं फुटतं ते कागदांमधून. कंपनीने वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं आणि त्याच्या माथ्यावर ‘टेस्ट ट्यूब बेबी सेंटर’ असं ठसठशीत छापलेलं असलं, की अर्जातली सावधगिरी वाया गेली. म्हणून डॉक्टरांकडे त्यांच्या स्वतःच्या लेटरहेडवर, निदान न लिहिता, फक्त ‘उपचार आणि विश्रांती’ असा मजकूर मागावा. ऑफिसच्या कॅलेंडरवर क्लिनिकचं नाव टाकू नये आणि रजेच्या ॲपमधलं कारण कोणाकोणाला दिसतं ते आधी पाहावं. एचआरने परस्पर क्लिनिकला फोन केला तर? 2021च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार क्लिनिकला जोडप्याची माहिती गुप्त ठेवावी लागते. राष्ट्रीय नोंदणी, वैद्यकीय आणीबाणी आणि न्यायालयाचा आदेश एवढेच अपवाद आहेत.

मग सरळ खोटं कारण का देऊ नये? कारण आजी एका महिन्यात चारदा आजारी पडू शकत नाही. न सांगणं हा खाजगीपणा आहे. खोटी माहिती देणं हे अनेक कंपन्यांच्या नियमांत गैरवर्तन ठरतं.

‘ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस झोपून राहायचं असतं, म्हणून लांब रजा हवीच,’ हाही एक गैरसमज. अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनच्या 2017च्या मार्गदर्शक सूचना ट्रान्सफरनंतर अंथरुणावर पडून राहण्याची शिफारस करत नाहीत. मात्र पिकअपनंतर पोट फुगलं, धाप लागली, वजन झपाट्याने वाढलं किंवा लघवी कमी झाली तर लगेच डॉक्टरांना गाठावं; ती आजारपणाची रजा, तिचा हिशेब वेगळा.

‘नवऱ्याला रजा कशाला?’ पिकअपच्या सकाळी बहुतेक वेळा त्याचा नमुना लागतो, आणि भूल उतरलेल्या बायकोला घरी आणायला कोणीतरी लागतंच. त्याच्या अर्जातही ‘घरच्यांचे वैद्यकीय काम’ एवढं पुरे.