अंबरनाथ एक, हद्दी तीन

अंबरनाथ पश्चिमेला एखाद्या बौद्ध कुटुंबाला जातीवरून चारचौघांत शिवीगाळ झाली, तर त्याने दाद कुठे मागायची? "सगळं ठाण्याच्या कलेक्टरकडे" असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते काम तीन दारांत वाटलेले असते आणि त्या तीन दारांचे नकाशेही एकसारखे नाहीत.

पहिले दार पोलिसांचे. अंबरनाथ शहर ठाणे पोलिस आयुक्तालयात येते, त्यामुळे अॅट्रॉसिटीचा तपास सहायक पोलिस आयुक्त करतात. त्याच अंबरनाथ तालुक्यातली वांगणीसारखी गावे मात्र ठाणे ग्रामीण पोलिसांकडे, म्हणजे जिल्हा पोलिस अधीक्षकांकडे आहेत. तिथे तपास पोलिस उपअधीक्षक करतात. तालुका एक, पोलिस दोन. चुकीच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलात तरी तक्रार नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द न पाहता गुन्हा नोंदवून पुढे पाठविण्याची तरतूद आहे.

दुसरे दार महसुलाचे. जातीचा दाखला उल्हासनगरचे प्रांत देतात. गुन्ह्यानंतरचे सरकारी अर्थसाहाय्य जिल्हाधिकारी आणि समाजकल्याण कार्यालयामार्फत ठाण्याहून मिळते. तिसरे दार विशेष न्यायालयाचे, त्याची हद्द उच्च न्यायालयाच्या संमतीने ठरते.

असे का? कारण प्रत्येकाचा कायदा वेगळा. तालुका-जिल्हा महसूल कायद्याने ठरतो, आयुक्तालय पोलिस कायद्याने आणि न्यायालयाचे क्षेत्र न्यायव्यवस्थेच्या कायद्याने. शहर वाढले की सरकार पोलिसांची हद्द बदलते, जिल्हा तसाच राहतो. २०२० साली मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय झाले. त्यातले मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, तर वसई-विरार पालघर जिल्ह्यात आहे. गुन्हेगारीला रस्ता जोडतो, म्हणून पोलिसांनी तिथे जिल्ह्याची रेघ पाळली नाही.

या फरकाचा फटका कुठे बसतो? शिवीगाळीच्या गुन्ह्यात एक लाखाच्या साहाय्यापैकी २५ टक्के गुन्हा नोंदताच, ५० टक्के आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि २५ टक्के शिक्षा झाल्यावर मिळतात. पैसे महसूल-समाजकल्याणाकडे, पण कागद पोलिसांकडे. आयुक्तालयाचे पोलिस जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली नाहीत. ठाण्यातून कागद निघालाच नाही, तर जिल्हाधिकारी कार्यालयात प्रकरणच नसते.

म्हणून गुन्हा नोंदवताना प्रत मोफत मागून घ्या. आठवड्याने पोलिस ठाण्यात विचारा: एफआयआर व दाखल्याची प्रत समाजकल्याणाकडे कधी पाठविली, जावक क्रमांक काय? तो क्रमांक घेऊनच ठाण्याला जा. क्रमांक मिळत नसेल तर अडचण पोलिसांच्या दारात आहे. मिळाला असेल आणि पैसे नसतील, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या. जिल्हा दक्षता समितीचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच असतात. अर्जात तो जावक क्रमांक घालून तारखेची पोच घ्या.