स्वप्नातला घोडा : पाठीवर कोण आहे?

गेल्या आठवड्यात आपण स्वप्नातलं पाणी पाहिलं. आता घोडा. स्वप्नफळांच्या पोथ्यांत घोड्यावर बसलेलं दिसणं शुभ मानतात आणि तिथेच थांबतात. मला त्याहून मोलाची वाटते ती चरकसंहितेची खबरदारी. इंद्रियस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतली पाहिलेल्या, ऐकलेल्या, अनुभवलेल्या, इच्छिलेल्या आणि कल्पिलेल्या गोष्टींतून पडणारी पाच प्रकारची स्वप्नं चरक निष्फळ ठरवतात. काल वरातीतला घोडा पाहिला असेल, तर स्वप्नातल्या घोड्यात भविष्य शोधू नये.

पण त्यात मन मात्र शोधता येतं. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी. सारथी जागा असला की घोडे वठणीवर राहतात. फ्रॉइडनेही १९२३ साली ‘अहं’ला घोडेस्वाराची उपमा दिली, पण त्याचा स्वार पुष्कळदा हतबल असतो: घोड्यावरून पडायचं नसेल, तर घोड्याला जायचं असतं तिकडेच त्याला न्यावं लागतं. लगाम ओढून हात भरून आल्याचं स्वप्न मला या दुसऱ्या चित्राच्या जवळचं वाटतं. अशा वेळी घोडा किती उधळला यापेक्षा त्याला कुठे जायचं होतं, हे आधी विचारावं.

आता समजा, माळशिरसकडचा एक तरुण हिंजवडीत फेज तीनला नोकरी करतो. त्याला स्वप्न पडतं, की कंपनीसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर एक घोडा भरधाव धावतोय आणि त्याच्या पाठीवर कुणीच नाही. पुस्तकी अर्थ चटकन निघेल: ताबा सुटलेली ऊर्मी, नोकरीतून पळण्याची ओढ. पण युंगची पद्धत अशी, की आधी स्वप्न पाहणाऱ्यालाच विचारायचं, घोडा म्हटल्यावर तुला काय आठवतं? हा मुलगा लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून पालखीचं रिंगण पाहत आलेला. माउलींच्या पालखीसोबत बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी असते, कारण त्यावर माउली आहेत अशी श्रद्धा. तो धावून गेला, की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोकांची झुंबड उडते.

या मुलाच्या मनात पाठीवर स्वार नसलेला घोडा बेलगाम नाहीच. तो आखलेल्या वर्तुळात, पण कुणी न हाकता धावतो. म्हणून त्याला पुढचा प्रश्न राजीनाम्याचा विचारू नये. स्वप्नात रिंगण होतं की रस्ता सरळ जात होता? तू कडेला उभा राहून पाहत होतास, की मागे धावत होतास? जाग आली तेव्हा छाती धडधडत होती, की पुन्हा झोपून तेच पाहावंसं वाटलं? घाबरून जाग आली असेल, तर ऊर्मी हाताबाहेर जात असल्याचा अर्थ तपासायला जागा आहे. आनंद वाटला असेल, तर आषाढातल्या रजेचा अर्ज केला आहेस का, एवढंच मी त्याला विचारेन.