आईचं दूध कमी पडतंय, की बाटलीच भराभर ओततेय? निपलच्या भोकामागचं गणित

मानेवाड्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. मुलगी चार महिन्यांची, वजन सहा किलो. प्रसूती रजा कायद्याने २६ आठवड्यांची मिळते, पण त्यातले आठ आठवडे आईने बाळंतपणाआधीच घेतले होते. त्यामुळे बाळ चार महिन्यांचं होताच ती मिहानमधल्या ऑफिसात रुजू झाली. सकाळी नऊला घर सोडायचं, संध्याकाळी सहाला परत यायचं. काढून ठेवलेलं दूध दिवसभर आजी बाटलीने पाजते.

पहिल्याच आठवड्यात घरात हिशोब बिघडतो. आई ऑफिसात दोनदा-तीनदा पंपाने दूध काढते, ते जेमतेम २७० मिली भरतं. इकडे बाळ १५० मिलीची बाटली पाच मिनिटांत संपवतं आणि अशा तीन बाटल्या, म्हणजे ४५० मिली पितं. घरातले सगळे एकच निष्कर्ष काढतात, ‘आईला दूध कमी पडतंय, पावडर सुरू करा.’

हे घर काल्पनिक आहे, पण असा हिशोब बऱ्याच घरांत होतो. आणि त्यात अनेकदा चूक आईच्या दुधाची नसते, बाटलीच्या वेगाची असते.

बाळाला नक्की किती दूध लागतं?

एक ते सहा महिन्यांचं, फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिली दूध पितं. २४ तासांत विभागलं तर ताशी साधारण ३० मिली. म्हणजे आई नऊ तास घराबाहेर असेल, तर त्या वेळेसाठी सुमारे २७० मिली दूध लागतं, ९० मिलीच्या तीन बाटल्या. एखादं बाळ थोडं कमी पितं, एखादं थोडं जास्त.

वरच्या उदाहरणातली आई बरोबर तेवढंच दूध काढत होती. तिचं दूध पुरेसं होतं. मग बाळ ४५० मिली कसं प्यायलं?

भूक नसतानाही बाळ का पितं?

अंगावर पिताना बाळाला आधी चोखावं लागतं, मग थोड्या वेळाने पान्हा फुटतो. दूध काही वेळ जोरात येतं, मग मंदावतं, पुन्हा येतं. या चढउतारात बाळ आपोआप थांबतं, श्वास घेतं. पोट भरल्याची जाणीव व्हायला काही मिनिटं लागतात आणि ती मिनिटं त्याला मिळतात.

बाटली उभी धरली की यातलं काहीच होत नाही. दुधाचं वजन निपलवर येतं आणि बाळाने चोखलं नाही तरी थेंब तोंडात पडत राहतात. तोंडात दूध आलं की ते गिळावंच लागतं, नाहीतर ठसका लागतो. शिवाय लहान बाळाच्या टाळूला काही लागलं की ते चोखू लागतं, ही त्याची उपजत प्रतिक्रिया असते. त्यामुळे बाळाने बाटली ‘संपवली’ म्हणजे त्याला तेवढी भूक होतीच असं नाही. अनेकदा ते फक्त येणारं दूध गिळत असतं.

याचा परिणाम पुढेही टिकतो का, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासात तपासलं गेलं. तो २०१० मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुरुवातीचे महिने फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांपैकी २७ टक्के बाळं वर्षाच्या उत्तरार्धात समोर आलेला कप किंवा बाटली पूर्ण संपवायची. सुरुवातीला फक्त बाटलीने पिणाऱ्यांत हेच प्रमाण ६८ टक्के होतं. बाटलीत आईचं दूध होतं की पावडरचं, याने मोठा फरक पडत नव्हता.

मानेवाड्यातल्या घरात याचा आणखी एक फटका बसतो. दिवसभर पोट गच्च भरलेलं बाळ संध्याकाळी आणि रात्री अंगावर कमी पितं. दूध जितकं कमी ओढलं जातं तितकं शरीर कमी बनवतं. म्हणजे जी तक्रार सुरुवातीला खोटी होती, ती महिनाभरात खरी होऊ शकते.

डब्यावरच्या ‘स्लो’चा अर्थ काय?

सीताबर्डीच्या दुकानात निपल मागितलं की पहिला प्रश्न येतो, ‘बाळ किती महिन्यांचं?’ उत्तरानुसार एस, एम, एल किंवा ०+, ३+, ६+ असं लिहिलेला डबा हातात पडतो. पण हे आकडे सगळ्या कंपन्यांसाठी सारखे नसतात. एका कंपनीचं ‘स्लो’ दुसरीच्या ‘मीडियम’पेक्षा वेगवान असू शकतं.

अमेरिकेत संशोधकांनी बाजारात मिळणारी २६ प्रकारची निपल एकाच पद्धतीने मोजली. ‘स्लो’ किंवा नवजात बाळासाठी असं लिहिलेल्या निपलमधूनही मिनिटाला कुठे दीड-दोन मिली, तर कुठे १५ मिली दूध येत होतं. लेबल एकच, वेग आठ-नऊ पट वेगळा.

म्हणून वय पाहून निपल बदलण्याची सक्ती नाही. बाळ अंगावरही पीत असेल, तर सर्वात मंद निपल पुढचे कित्येक महिने चालू शकतं. घरात दोन निपल असतील तर दोन्हीत सारखं पाणी भरून बाटल्या उलट्या धराव्यात. ज्यातून धार लागते किंवा थेंब जास्त भराभर पडतात, ते बाजूला ठेवावं. मात्र ही फक्त घरगुती तुलना आहे, अंतिम निकाल बाळच देतं.

निपल फार वेगवान असेल तर दूध ओठांच्या कोपऱ्यातून ओघळतं, घटाघट गिळण्याचा आवाज येतो, ठसका लागतो, डोळे विस्फारतात, हाताची बोटं ताठ फाकतात. बाटली पाच मिनिटांत संपते आणि नंतर बाळ गुळणी टाकतं. निपल फार मंद असेल तर बाळ जोर लावून ओढतं, निपल चपटं होतं, बाळ वैतागतं किंवा पिता पिता झोपतं आणि पाजायला ३०-४० मिनिटांहून जास्त वेळ जातो. अशा वेळी एक पायरी वरचं निपल वापरून पाहावं.

एक गोष्ट मात्र करू नये, ती म्हणजे तापवलेल्या सुईने भोक मोठं करणं. त्यातून किती दूध येईल याचा काहीच अंदाज राहत नाही आणि निपलचा तुकडा सुटून बाळाच्या घशात जाऊ शकतो. वारंवार उकळून सैल झालेलं, चिकट किंवा चिरलेलं निपलही टाकून द्यावं, कारण त्याचा वेग आपोआप वाढलेला असतो.

थांबत थांबत पाजायचं कसं?

या पद्धतीला ‘पेस्ड बॉटल फीडिंग’ म्हणतात. यात वेग बाटली नाही, बाळ ठरवतं.

बाळ रडायच्या आधीच भुकेच्या खुणा दिसतात. ते मुठी तोंडात घालतं, मान वळवून शोधतं. तेव्हाच पाजायला घ्यावं. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरावं, मानेला आणि पाठीला हाताचा आधार द्यावा. आडवं झोपवून, बाटलीला उशी टेकवून कधीही पाजू नये.

निपल आधी ओठांना लावावं आणि बाळाने स्वतः तोंड मोठं उघडेपर्यंत थांबावं. निपल आत गेल्यावर बाटली जवळजवळ आडवी धरावी, निपलच्या टोकाशी दूध राहील इतपतच तिरकी. बाळाने २० ते ३० सेकंद चोखलं की निपल तोंडातच ठेवून बाटलीचा मागचा भाग खाली करावा. दूध थांबतं, बाळ श्वास घेतं. त्याने पुन्हा चोखायला सुरुवात केली की बाटली पुन्हा आडवी. मध्यावर एकदा ढेकर काढून बाळाला दुसऱ्या हातावर घ्यावं, अंगावर पिताना बाजू बदलते तसं.

अशा पद्धतीने ९० मिलीला १५ ते २० मिनिटं लागतात. बाळाने तोंड फिरवलं, ओठ मिटले, मुठी सैल झाल्या किंवा चोखणं थांबवलं की पाजणं संपलं, बाटलीत दूध उरलं असलं तरी.

आजीचा हात इथेच अडतो. काढलेलं दूध वाया घालवायचं कसं? यावर सोपा उपाय म्हणजे बाटलीत आधी ६० मिलीच घ्यावं. बाळ त्यानंतरही मागत असेल तर ३० मिली वाढवावं. बाकीचं दूध फ्रिजमध्ये स्वच्छ भांड्यात राहतं. बाळाने तोंड लावलेलं पावडरचं दूध तासाभरात, तर आईचं दूध दोन तासांत संपवावं किंवा टाकावं.

नागपूरच्या उन्हाळ्यात काय बदलतं?

काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं हा सल्ला २५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना कूलर लावलेली खोलीही त्याहून गरम असू शकते. त्यामुळे काढलेलं दूध लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात जायला हवं.

दुसरं म्हणजे, उकाड्यात बाळ रडलं की प्रत्येक वेळी बाटली दिली जाते. आधी कपडे सैल करावेत, लंगोट पाहावा, बाळाला गार जागी घ्यावं. तहान असेलच तर सहा महिन्यांआतल्या बाळाला पाणी नको, दूधच थोडं थोडं पण जास्त वेळा द्यावं.

दूध पुरतंय हे कसं ओळखायचं?

रिकामी बाटली हा त्याचा पुरावा नाही. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होणं आणि वजन वाढत राहणं हा पुरावा आहे. तीन ते सहा महिन्यांत बाळाचं वजन आठवड्याला साधारण १०० ते १५० ग्रॅम वाढतं. अंगणवाडीतून मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात ते नोंदवून घेता येतं. वजन थांबलं असेल, दर वेळी ठसका लागत असेल किंवा पिताना ओठ निळे पडत असतील तर बालरोगतज्ज्ञांकडे लगेच जावं. वेळेआधी जन्मलेल्या आणि टाळू दुभंगलेल्या बाळांसाठी निपल डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

बाटली अनिवार्यही नाही. ती नीट उकळली नाही तर जुलाबाचा धोका असतो, म्हणून काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजण्याचा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात. भारतात १९९२ च्या कायद्याने दूध पाजण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आहे, तीही यासाठीच की बाटली हा सोपा, पहिला पर्याय वाटू नये. बोंडल्यानेही दूध ओतायचं नसतं, बाळाच्या ओठांशी टेकवून त्याने गिळेपर्यंत थांबायचं असतं.

मानेवाड्यातल्या घरात पावडरचा डबा आणण्याआधी एवढंच करून पाहता येतं. आई निघताना आणि परतल्यावर लगेच अंगावर पाजेल. मधल्या वेळेत मंद निपलने, थांबत थांबत ९० मिलीच्या तीन बाटल्या. साडेपाचला बाळ कुरकुरलं तर पूर्ण बाटली नाही, ३० मिली, कारण अर्ध्या तासात आई येणार आहे. आठवडाभर असं करून लंगोट मोजावेत, वजन पाहावं. दोन्ही ठीक असेल तर पंपातून येणारं २७० मिली पुरेसं आहे.