वाक्याचा सांगाडा मोडल्याशिवाय परिच्छेद आपला होत नाही

बारावीपर्यंत ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ या सूचनेचा अर्थ बहुतेक विद्यार्थी एकच घेतात: मूळ वाक्यातले शब्द बदलायचे. पदवीच्या पहिल्या वर्षी पहिला निबंध लिहिताना हीच सवय नडते. शब्द बदललेले असतात, पण वाक्याचा सांगाडा लेखकाचाच राहतो. तळाशी संदर्भ दिला असला, तरी वाचणाऱ्या प्राध्यापकांना ही उसनवारी ओळखू येते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला अभ्यासावी लागणारी दख्खनच्या दंग्यांची हकिकत उदाहरणादाखल घेऊ. पुढचा परिच्छेद या लेखासाठीच रचला आहे, पण वळण नेहमीच्या संदर्भग्रंथाचे आहे:

“अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या भावात झालेल्या वाढीमुळे सुलभ झालेला कर्जपुरवठा युद्धसमाप्तीनंतर भाव कोसळताच आटला, त्यातच महसुलाच्या फेरआकारणीने वाढलेल्या साऱ्याचा बोजा पडल्याने कर्जबाजारी शेतकऱ्यांचा असंतोष 1875 मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत उफाळला आणि त्याचा रोख प्रामुख्याने सावकारांकडील कर्जरोख्यांवर राहिला.”

आता नेहमी होणारी चूक पाहा: “अमेरिकेतल्या गृहयुद्धाच्या वेळी कापसाच्या किमतीत झालेल्या वाढीमुळे सोपा झालेला पतपुरवठा युद्ध संपल्यावर किमती घसरताच थांबला, त्यातच...” इथे यादवीचे गृहयुद्ध झाले, भावाच्या किमती झाल्या. पण ‘झालेल्या’, ‘झालेला’, ‘घसरताच’, ‘त्यातच’ हे सांधे जिथल्या तिथे आहेत. विद्यार्थ्याने परिच्छेद समजून घेतला की नाही, हे या ओळीवरून कळत नाही.

उपाय शब्दांपासून नव्हे, घटनांपासून सुरू होतो. मराठीतला जड परिच्छेद बहुधा ‘झालेल्या’, ‘वाढलेल्या’ अशा विशेषणांच्या साखळीने जड होतो, कारण प्रत्येक विशेषणात एक अख्खी घटना दडलेली असते. ती बाहेर काढून साध्या क्रियापदात मांडा. मग पुस्तक मिटा आणि आठवेल ते तुकड्यांत टिपा, पूर्ण वाक्ये लिहू नका:

कापूस महाग – कर्ज सहज
युद्ध संपले – भाव पडले – कर्ज बंद
शिवाय सारा वाढला
1875, पुणे व नगर, उद्रेक
मुख्य रोख: कर्जाचे कागद

आता सुरुवात कुठून करायची ते ठरवा. मूळ लेखक कारणांकडून परिणामाकडे गेला. निबंध दंग्यांच्या स्वरूपावर असेल, तर परिणाम आधी सांगणे सोयीचे. फक्त टिपणे समोर ठेवून लिहिले की असे काही उतरते:

“1875 मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांचा जो उद्रेक झाला, तो मुख्यतः सावकारांजवळच्या कर्जाच्या कागदांविरुद्ध होता. या शेतकऱ्यांची दोन्हीकडून कोंडी झाली होती. अमेरिकेत यादवी चालू होती तोवर कापूस महाग होता, म्हणून कर्ज सहज मिळे. युद्ध संपले, भाव पडले आणि ते मिळेनासे झाले. दुसरीकडे नव्या आकारणीत सारा वाढला होता.”

इथे ‘सावकार’, ‘सारा’, ‘यादवी’ हे शब्द तसेच ठेवले आहेत. विषयातल्या संज्ञा, नावे आणि सनावळ्या बदलायच्या नसतात. साऱ्याला ‘शेतीचा कर’ म्हटल्याने लेखन स्वतःचे होत नाही, फक्त ढिले होते.

लिहून झाल्यावरच पुस्तक उघडा आणि दोन गोष्टी ताडून पाहा. पहिली, दोन्ही वाक्यांचे सांधे ओळीने जुळतात का? जुळत असतील, तर पुन्हा टिपणांकडे जा. दुसरी, अर्थ सरकला का? हा धोका जास्त फसवा असतो. ‘प्रामुख्याने’च्या जागी ‘फक्त’ लिहिले तर लेखकाने न केलेला दावा त्याच्या नावावर जातो. ‘कापसाचे भाव पडल्याने दंगे झाले’ असे लिहिले, तर कर्ज आटण्याचा मधला दुवा गळतो आणि वाढलेला साराही निसटतो. कर्ज कोणी थांबवले हे मूळ परिच्छेद सांगत नाही, म्हणून ‘सावकारांनी कर्ज थांबवले’ हेही आपण त्याच्या नावावर लिहायचे नाही.

दंगे 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी सुरू झाले, ही माहिती खरी आहे, पण या परिच्छेदात नाही. ती वापरायची तर वेगळ्या वाक्यात आणि तिच्या स्वतःच्या संदर्भासह.

मांडणी पूर्ण बदलली, तरी विचार मूळ लेखकाचाच राहतो. म्हणून असा परिच्छेद लिहून झाला की त्याच क्षणी लेखकाचे नाव, ग्रंथ आणि पानाचा क्रमांक नोंदवा. निबंध पूर्ण झाल्यावर पाने शोधू लागलात, तर कुठले वाक्य कोणाचे हे तुम्हालाही सांगता येणार नाही.