झटपट उत्तर की पुरेसं उत्तर?

गैरसमज १ : जितकं लवकर उत्तर, तितकं ग्राहकाचं मत चांगलं.

वस्तुस्थिती : या समजुतीमागे एक गाजलेला अभ्यास आहे. जेम्स ओल्डरॉइड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त अमेरिकी कंपन्यांची पाहणी मांडली. वेबसाइटवरून आलेल्या चौकशीला तासाभरात प्रतिसाद देणाऱ्या कंपन्यांचं निर्णय घेणाऱ्या माणसाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता, आणखी तासभर उशीर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. आकडा मोठा आहे, पण तो काय मोजतो हेही पाहायला हवं. ग्राहक निसटण्याआधी हाती लागला का, एवढंच तो सांगतो. उत्तर ऐकून त्याचं समाधान झालं का, हे नाही. शिवाय चौकशीकडे लगेच लक्ष देणारी कंपनी बाकीच्या कामातही चोख असू शकते. मग यशाचं सगळं श्रेय वेगाला कसं देणार?

गैरसमज २ : लांबलचक उत्तर म्हणजे आस्था, तुटक उत्तर म्हणजे बेपर्वाई.

वस्तुस्थिती : लांबी नव्हे, उत्तरानं प्रश्न मिटला का, हे महत्त्वाचं. घरून केक विकणाऱ्या एखाद्या बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा येते : “रविवारी एक किलोचा एगलेस केक मिळेल का?” मिनिटभरात उत्तर जातं, “हो, मिळेल.” मग ग्राहक भाव विचारतो, नंतर घरपोच देता का, नंतर अ‍ॅडव्हान्स किती. प्रत्येक उत्तर तत्पर, तरी चार वेळा विचारावं लागलं. याउलट वीस मिनिटांनी एकच निरोप आला की रविवारी पाचपर्यंत केक तयार होईल, किंमत अमुक, घरपोच हवा तर इतके जास्त, शनिवारी सकाळपर्यंत निम्मे पैसे पाठवा, तर ग्राहकाला पुन्हा काही विचारायचं उरत नाही. पण तोच ग्राहक “आज दुकान उघडं आहे का?” असं विचारतो, तेव्हा “हो, रात्री नऊपर्यंत” हे तीन शब्द पुरतात. तिथे संपूर्ण दरपत्रक पाठवणं म्हणजे त्याला वाचायचं काम लावणं. म्हणून शब्द मोजताना शेजारी आणखी एक रकाना ठेवावा : आपल्या उत्तरानंतर ग्राहकाला त्याच कामासाठी किती वेळा पुन्हा विचारावं लागलं?

गैरसमज ३ : झटपट उत्तरांवर जास्त ऑर्डर आल्या, म्हणजे वेगाचा फायदा सिद्ध झाला.

वस्तुस्थिती : इथे आकडेच फसवतात. समजा, महिन्यात ४० चौकशा आल्या. दहा मिनिटांच्या आत उत्तर मिळालेल्या २० पैकी १३ जणांनी ऑर्डर दिली, उशिरा उत्तर मिळालेल्या २० पैकी फक्त ७ जणांनी. वेग जिंकला असं वाटतं. आता चौकशांचे दोन गट करा. तयार केकच्या चौकशांत झटपट उत्तराच्या १६ पैकी १२ ऑर्डर आणि उशिराच्या ४ पैकी ३. दोन्हीकडे ७५ टक्के. खास डिझाइनच्या केकसाठी झटपट ४ पैकी १ आणि उशिरा १६ पैकी ४. दोन्हीकडे २५ टक्के. फरक नाहीसा झाला. तयार केकचा प्रश्न सोपा, म्हणून उत्तर लवकर आणि थोडक्यात जातं. तो घेणाराही बहुधा ठरवूनच आलेला असतो. डिझाइनच्या केकला हिशेब करावा लागतो, उत्तर लांबतं, आणि ग्राहक तीन ठिकाणी भाव काढत असतो. त्यामुळे एकाच प्रकारच्या प्रश्नांमध्येच वेग आणि लांबीची तुलना करावी. रात्री आलेल्या निरोपाची वेळ सकाळी दुकान उघडल्यापासून धरावी, आणि आपोआप जाणारा “लवकरच संपर्क करू” हा निरोप उत्तर म्हणून मोजू नये. ऑर्डर म्हणजे मत नव्हे, हेही विसरू नये. मत हवं असेल, तर माल पोहोचल्यावर सर्वांना एकच प्रश्न विचारावा : हवी ती माहिती सहज मिळाली का?

यावर रास्त आक्षेप असा, की पुरेसं उत्तर तयार होईपर्यंत ग्राहक शेजारच्या दुकानात गेला तर? तो जाऊ शकतो, आणि ओल्डरॉइड यांच्या पाहणीतून घेण्याजोगा धडा हाच आहे. पण त्यावरचा उपाय अर्धवट उत्तर घाईने देणं हा नाही. डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ साली रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिताना दाखवलं होतं, की किती वेळ थांबायचं हे माहीत नसलं की तोच वेळ जास्त लांब वाटतो. म्हणून हिशेब लागणाऱ्या प्रश्नाला लगेच एक ओळ पाठवावी : “डिझाइन पाहिलं, भाव काढून चारपर्यंत कळवते.” मात्र चार वाजता उत्तर गेलंच पाहिजे, वेळ देऊन ती चुकवली, तर गप्प राहण्यापेक्षा जास्त नुकसान होतं. सोप्या प्रश्नाला वेग आणि पुरेसेपणा एकाच निरोपात देता येतात. अवघड प्रश्नाला ते दोन निरोपांत विभागावे लागतात, आणि ग्राहकाचं मत प्रामुख्याने दुसऱ्या निरोपावर ठरतं.